आजीचा नातीला प्रश्न : ‘क्रिंज’ म्हणजे काय गं?



बियाण्याच्या नव्या वाणाबद्दल, फवारणीच्या नव्या औषधाबद्दल तुम्ही आम्हा कृषी खात्याच्या माणसांना नेहमी विचारता. या वेळी एका आजीबाईंनी विचारणा केली ती दोन शब्दांची. ‘व्हाइब’ आणि ‘क्रिंज’ हे ते शब्द. लग्नकार्याला किंवा सुट्टीला घरी आलेल्या कॉलेजच्या मुलामुलींच्या तोंडी तुम्हीही ते ऐकले असतील. ऐकून न ऐकल्यासारखे केले असेल.

या आजीबाई बार्शी तालुक्यातल्या एका गावच्या. शिक्षण जुनी चौथी. अक्षर मात्र असे की तलाठ्याने लाजावे. त्यांची नात पुण्याला वसतिगृहात राहून शिकते. आजींना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून नात महिन्या-दोन महिन्यांनी पत्र पाठवते आणि आजी सवडीने उत्तर लिहितात. आजींनी मला अर्थ विचारला तेव्हा मी म्हणालो, “कोशातला अर्थ मी सांगेन, पण तो शब्द कोणाला उद्देशून होता, ते मला कसे ठाऊक? ज्यांच्या तोंडचा शब्द, त्यांनाच विचारा.” आजींनी तसे केले. ते पत्र व त्याला आलेले उत्तर दोघींच्या संमतीने, नावे गाळून, येथे देत आहे.

आजींचे पत्र

चि. छकुलीस आजीचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझे पत्र पावले. वाचून बरे वाटले. इकडे मृगाचा पाऊस चांगला झाला, पण काळ्या रानात अजून वाफसा नाही. त्यामुळे तुझा बाप चार दिवस ओसरीवर बसून आहे आणि मलाही लिहायला सवड आहे.

तू विचारलंस, परवा शेजारच्या वाड्यात हळद होती तिथं तू ओव्या म्हटल्यास का? नाही म्हटल्या. घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा काही बसला नव्हता. तुला खरं सांगते.

आपल्या दादाच्या लग्नात मी जात्यावर हळद दळताना ओव्या म्हणत होते. तुम्ही सगळी चुलत-मावस भावंडं मागं जोत्यावर बसला होतात. मधल्याच्या हातात मोबाईल होता. मी तिसरी ओवी धरली आणि मागून कोणीतरी म्हणालं, “किती क्रिंज आहे हे!” आणि सगळी हसली. तू पण हसलीस. मला पहिल्यांदा ऐकू आलं सिरिंज. गुरांच्या डॉक्टरकडं असते ती. पण मग तोच शब्द दोन दिवसांत आठ-दहा वेळा आला. कोणाचा मामा नाचला की क्रिंज, कोणी भाषण केलं की क्रिंज. म्हणजे शब्द काही बरा नाही एवढं मला समजलं.

दुसरा शब्द ‘वाईब’. रात्री अंगणात अंथरुणं टाकल्यावर थोरली म्हणाली, “इथली वाईबच वेगळी आहे.” तुझ्या बापाला विचारलं. तो म्हणाला, वाईफ म्हणत असतील, म्हणजे बायको. आता “इथली बायकोच वेगळी आहे” असं पोरगी कशाला म्हणेल? आणि तुझ्या मावसभावाला ते बार्शीचं स्थळ आलंय. मुलगी शिकलेली, घर चांगलं, तीस गुण जुळले. हा म्हणतो, “सगळं ठीक आहे, पण वाईब मॅच होत नाही.” छत्तीस गुणांत हा वाईब कुठला, ते भटजींनाही सांगता येईना.

तू मला या दोन शब्दांचा अर्थ नीट लिहून कळव. आणि त्या दिवशी क्रिंज कोणाला म्हटलं तेही कळव. मला म्हटलं असेल तरी कळव. मी रागावणार नाही. माझ्या ओव्या जुन्या आहेत हे मलाही दिसतं. पण कळलं म्हणजे गप्प बसायचं की म्हणायचं, ते मी ठरवीन. न कळता गप्प बसणं मात्र मला जमत नाही.

तूप पाठवले आहे. डब्याचे झाकण घट्ट आहे, गरम पाण्यात धर म्हणजे उघडेल. कळावे.

तुझी आजी

‘व्हाइब’ कोठून आला?

वाचकहो, नातीचे उत्तर पाहण्यापूर्वी हे शब्द मूळचे कुठले, ते थोडक्यात पाहू.

‘व्हाइब’ हा ‘व्हायब्रेशन’ या इंग्रजी शब्दाचा तुकडा आहे. व्हायब्रेशन म्हणजे कंप, थरथर. विहिरीवरचे इंजिन चालू झाले की पायाखालची फरशी थरथरते, ते व्हायब्रेशन. १९२० च्या दशकात अमेरिकेत ‘व्हायब्राफोन’ नावाचे वाद्य निघाले. त्यात धातूच्या पट्ट्या असतात, खाली नळ्या असतात, आणि नळ्यांच्या तोंडाशी फिरणाऱ्या चकत्यांमुळे सूर थरथरत येतो. वाजवणारे त्या वाद्याला लाडाने ‘व्हाइब्स’ म्हणू लागले. पुढे १९६० च्या दशकात तिकडच्या तरुणांनी हाच शब्द माणसांना आणि जागांना लावला. एखाद्या माणसापाशी बसल्यावर जे न बोलता जाणवते, ते त्याचे व्हाइब्स. १९६६ साली ‘बीच बॉईज’ या गायकमंडळींचे ‘गुड व्हायब्रेशन्स’ हे गाणे गाजले आणि ही कल्पना घरोघर गेली. मोबाईल आल्यावर तोच शब्द आपल्या मुलांच्या तोंडी आला.

म्हणजे शब्द नवा, पण गोष्ट आपल्या ओळखीची आहे. आपण म्हणतो, “बैठकीचा रागरंग काही बरा दिसला नाही.” आपण म्हणतो, “त्या घरात पाऊल टाकले की प्रसन्न वाटते.” दोन माणसांबद्दल आपण म्हणतो, “त्यांचे सूर जुळले नाहीत.” आपण ही उपमा सुरांवरून घेतली, तिकडच्यांनी थरथरण्यावरून घेतली. मावसभावाचे ‘व्हाइब मॅच होत नाही’ म्हणजे ‘सूर जुळत नाहीत’, याहून अधिक काही नाही. भटजींच्या छत्तीस गुणांत ते सापडणार नाही हे खरेच.

असे शब्द नुसत्या अर्थाने कळत नाहीत, अनुभवाने कळतात. आपल्याकडचा ‘वाफसा’ घ्या. शहरातल्या मुलाला वाफसा एका शब्दात सांगून पाहा, जमणार नाही. आम्हाला कॉलेजात शिकवले की मातीच्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असतात ती स्थिती म्हणजे वाफसा. पण शेतकरी असे मोजत बसत नाही. चार बोटे खोलीवरची मूठभर माती तो घेतो आणि दाबतो. गोळा झाला पण तळहाताला पाणी सुटले नाही, आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर तो गोळा फुटला, तर वाफसा आला. गोळा चपटा होऊन चिकटून बसला, तर थांबायचे. गोळाच झाला नाही, तर ओल उडाली. हे एकदा हाताने केले की जन्मभर विसरत नाही. अंगणात चांदण्यात पडलेल्या मुलीने “इथली व्हाइब वेगळी आहे” म्हटले, तेव्हा तिनेही अशीच एक ओळख सांगितली. ती ओळख तिच्या हाताला आली होती, आजींच्या कानाला फक्त शब्द आला.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. वाफशाची परीक्षा कोणालाही घेता येते. बापाच्या मुठीत गोळा फुटला तर मुलाच्या मुठीतही फुटतो. व्हाइबला अशी परीक्षा नाही. ती एकाला जाणवते, दुसऱ्याला नाही. म्हणून स्थळ नाकारताना मुलगा ‘व्हाइब नाही’ म्हणाला, तर त्यावर चिडूही नये आणि तेवढ्यावर थांबूही नये. “भेटीत नेमके काय खटकले?” असे शांतपणे विचारावे. बहुधा शब्दाआड काही ठोस कारण असते. ती बोललीच नाही, किंवा हाच बोलला आणि तिने विषय बदलला, किंवा दोघांना दोन वेगळ्या ठिकाणी राहायचे आहे. ते कारण बाहेर आले म्हणजे घरात बोलणे होऊ शकते.

‘क्रिंज’ची गोष्ट निराळी

‘क्रिंज’ हा इंग्रजीतला फार जुना शब्द आहे. हजार वर्षांमागे त्याचा अर्थ लढाईत कोसळणे, खाली पडणे असा होता. पुढे तो वाकणे, अंग चोरणे, धन्यापुढे लाचारीने झुकणे अशा अर्थी आला. त्यानंतर शरमेने अंग आकसून घेणे हा अर्थ रूढ झाला. लाजाळूचे पान जसे बोट लागताच मिटते, तसे मन मिटते, ते क्रिंज.

यालाही आपल्याकडे शब्द आहेत. ओशाळणे, कसेतरीच होणे, मेल्याहून मेल्यासारखे होणे. यात एक बारीक गंमत आहे. आपण स्वतः चुकलो नसतानाही दुसऱ्यामुळे आपल्याला कसेतरीच होते. पंगतीत आपला एखादा नातेवाईक व्याह्यांपुढे स्वतःच्या बागायतीच्या फुशारक्या मारू लागला की आपण ताटात बघत बसतो. तो खुशीत असतो, मान आपली खाली जाते. मुले ‘क्रिंज’ म्हणतात ते बरेचदा याच भावनेला.

आता हा शब्द बोचतो कुठे, ते पाहा. इंग्रजीत तो मुळात क्रियापद होता. म्हणजे “मी शरमेने आकसलो” असे म्हणावे लागे. त्यात बोलणारा स्वतःची अवस्था सांगे. अलीकडच्या वापरात तो विशेषण झाला. “हे क्रिंज आहे”, “ती क्रिंज आहे.” मराठीत बोलून पाहिले की फरक लगेच कळतो. “मला लाज वाटली” यात ‘मला’ आहे. लाज माझी, तिची जबाबदारी माझी. “ती लाजिरवाणी आहे” म्हटले की ‘मला’ गळून पडतो. न्याय देणारा दिसेनासा होतो आणि शिक्का तेवढा समोरच्याच्या कपाळी राहतो. ज्याला क्रिंज म्हटले त्याला उत्तर देता येत नाही, कारण नेमके काय चुकले ते कोणी सांगितलेलेच नसते.

हा शिक्का खेड्यातल्या मुलांवर सहज बसतो, हे आपण पाहिले आहे. २०२० च्या जूनअखेर सरकारने बंद केलेल्या ‘टिकटॉक’ या अॅपवर गावोगावची मुले बांधावर, ट्रॅक्टरवर, गोठ्यात उभी राहून छोटे व्हिडिओ करीत. त्यात काही बरे, काही वाईट, जसे सगळीकडे असते तसेच. पण शहरातल्या कित्येक प्रेक्षकांनी त्या सगळ्यालाच क्रिंज म्हणून हसण्यावारी नेले. त्यातले पुष्कळसे हसणे नाचाला नव्हते. ते हसणे कपड्यांना, घराच्या भिंतीला आणि बोलण्याच्या ढबीला होते. शब्दाचा अर्थ तोच, पण तो कोण कोणाला म्हणतो त्यावर त्याचे वजन बदलते.

नातीचे उत्तर

नातीच्या पत्रातला आवश्यक तेवढाच भाग देतो.

“आजी, आधी तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर. त्या वेळी क्रिंज तुला म्हटलं नव्हतं. मधल्या दादाने मोबाईलवर त्याच्या मित्राचा व्हिडिओ दाखवला. तो काळा गॉगल लावून, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला टेकून, केसांवरून हात फिरवत चालतो आणि मागे गाणं. ते बघून आम्ही हसलो. तू आमच्याकडे पाठ करून दळत होतीस, म्हणून तुला दिसलं नाही. तुझी ओवी चालू असताना आम्ही मोबाईल बघत होतो, हे मात्र चूक होतं. आणि थोरली ताई रात्री ‘इथली व्हाइब’ म्हणाली ना, ते तुझ्या ओव्या, जात्याचा आवाज, हळदीचा वास, अंगणातली अंथरुणं या सगळ्याला म्हणाली. तिनं तुझ्या दोन ओव्या मोबाईलवर भरून घेतल्या आहेत. त्या ती होस्टेलला लावून झोपते.

“तू म्हणालीस म्हणून खरं सांगते. त्या लग्नात तुझं एक वागणं आम्हाला क्रिंज वाटलं. जेवणाच्या पंगतीत पाहुण्यांसमोर तू मला मोठ्यानं विचारलंस, ‘आता तुझा बार कधी उडवायचा?’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला जमिनीत जावंसं वाटलं. थोरल्या ताईला तू हे तीनदा विचारलंस. तू प्रेमानं विचारतेस हे माहीत आहे. घरात विचार, मी उत्तर देईन. पंगतीत नको.

“आणखी एक. हे मी घरी कोणाला सांगितलं नाही. मागच्या वर्षी होस्टेलला आले तेव्हा मी ‘पानी’, ‘आनि’, ‘मंग’ असंच बोलायचे, घरी बोलतो तसं. खोलीतली एक मुलगी दुसरीला म्हणाली, ‘किती क्रिंज बोलते ही.’ मला ऐकू गेलं. त्या दिवसापासून तुझा फोन आला की मी गच्चीवर जायचे. गच्चीवर पाऊस असला की फोन उचलायचेच नाही. मग मी पत्र लिहायला लागले. तुला फोनवर ऐकू येत नाही हे खरं आहे, पण पत्र सुरू करण्याचं कारण तेवढंच नव्हतं. तुझ्याशी बोलताना मला आपलं बोलणं बोलायचं होतं आणि ते कोणी ऐकायला नको होतं.

“तुझं पत्र वाचलं आणि वाटलं, तुला जो शब्द लागला तोच मला लागला होता. तुला निदान विचारायचं सुचलं. मी वर्षभर गच्चीवर जात राहिले.”

विचारण्याने काय झाले?

वाचकहो, या दोन पत्रांत काय घडले ते पाहा. आजी एका शब्दाने दुखावून दीड महिना गप्प होत्या, आणि तो शब्द त्यांना उद्देशून नव्हताच. त्याच शब्दाने नात वर्षभर दुखावलेली होती, आणि तो मात्र तिलाच उद्देशून होता. आजींनी कोणा तिसऱ्याकडून नुसता अर्थ विचारून घेतला असता, तर ‘क्रिंज म्हणजे लाजिरवाणे’ एवढे उत्तर मिळाले असते आणि त्यांची समजूत अधिक घट्ट झाली असती. पंगतीतल्या प्रश्नाचेही कळले नसते आणि गच्चीचेही नाही.

नातीच्या उत्तरानंतर आजींनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, तीही लिहिण्यासारखी आहे. १९६४ साली ‘सीएसएच-१’ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आपल्या देशात प्रसारित झाला. त्यानंतर गावोगाव संकरित ज्वारी आली. खात्याच्या कागदात शब्द होता ‘संकरित’. लोकांनी घेतला तो पिशवीवरचा ‘हायब्रीड’. कणीस भरदार, उतारा जास्त, पण भाकरीला मालदांडीची चव नाही, म्हणून लोक नाक मुरडत. मग हाच शब्द शेतातून घरात आला. पोरगे पोत्याला हात लावून दमले की “हायब्रीडचं पोरगं”. सून लवकर थकली की “हायब्रीडचा जमाना”. आजी म्हणाल्या, “साहेब, आम्ही हे हसत म्हणायचो. माझ्या धाकट्याला मी कितीदा म्हटलं असेल! तो कधी बोलला नाही. त्यालाही लागत असेल का, हे या पोरीचं पत्र वाचून मनात आलं.”

म्हणजे आपल्याही पिढीने वस्तूचा शब्द माणसाला लावला होता. तो इंग्रजीच होता, आणि त्याच्याही अर्थाची आपण मुलांना फोड करून दिली नव्हती. आजच्या मुलांची भाषा बिघडली म्हणून कपाळाला हात लावण्यापूर्वी हे आठवावे. व्हाइब आला म्हणून रागरंग मरत नाही. दोन्ही शब्द एका घरात राहू शकतात. काळजी करायची ती शिक्का मारणाऱ्या शब्दाची, मग तो हायब्रीड असो की क्रिंज.

तुमच्या घरातही असा एखादा शब्द कानावर पडून सलत असेल, तर विचारण्याची रीत आजींच्याच पत्रात आहे. त्यांनी अर्थ विचारला, तो शब्द कोणाला म्हटला ते विचारले, आणि उत्तर कसेही आले तरी रागावणार नाही असे आधीच लिहून दिले. हे तिसरे नसते, तर नातीने पंगतीतल्या प्रश्नाबद्दल लिहायचे धाडस केले नसते. विचारताना चारचौघांत विचारू नये. मूल एकटे असताना, गुरांना वैरण टाकताना किंवा शेंगा निवडताना विचारावे, किंवा आजींसारखे कागदावर विचारावे. कागदावर एक सोय असते. समोरच्याला लगेच उत्तर द्यावे लागत नाही, तोंड लपवता येते आणि खरे लिहिता येते.

मुलामुलींसाठीही दोन शब्द. हे साप्ताहिक घरात तुम्हीही चाळता, हे मला ठाऊक आहे. एखादी गोष्ट पाहून कसेतरीच झाले, तर “मला क्रिंज वाटलं” म्हणा आणि कशामुळे तेही सांगा. नातीने आजीला नेमके ते सांगितले, म्हणून आजींना काय बदलायचे ते कळले. “तू क्रिंज आहेस” म्हटले असते, तर आजींनी जाते माळ्यावर टाकले असते. आणि तुम्हाला कोणी तसे म्हटले, तर गच्चीवर जाण्याआधी एकदा विचारा, “माझ्या बोलण्यात तुला नेमके काय खटकले?” पुष्कळदा समोरच्याला सांगता येत नाही, आणि मग तो शब्द किती पोकळ होता ते दोघांनाही कळते.

‘पानी’ म्हणणाऱ्या मुलीला ‘पाणी’ म्हणायला शिकायचे असेल तर तिने जरूर शिकावे. परीक्षेत, नोकरीत त्याचा उपयोग आहे. पण ते दुसरे एक बोलणे म्हणून शिकावे, घरचे बोलणे टाकून नव्हे. आजींनी पुढच्या पत्रात तिला एवढेच लिहिले आहे : “फोन खोलीतूनच कर. मला ऐकू येत नाही, तेव्हा तुला मोठ्यानं बोलावं लागेल. बोल.”